तडा गेलेला विटांचा घुमट: घरच्या कॉम्प्युटरवरचं साधं मॉडेल किती खरं मानायचं?

खाडीकाठचा | रविवार, रात्री १०:५०

ठाण्यात कोलशेतकडच्या आमच्या गावठाणात भाऊबंदकीचं एक छोटं देऊळ आहे, पणजोबांच्याही आधीचं. चौकोनी खोली, काळ्या दगडाच्या भिंती, कोपऱ्यात कमानी आणि वर विटांचा चुन्यातला अर्धगोल घुमट. आतला व्यास ५.४ मीटर, जाडी झरोक्यापाशी मोजली ती ३० सेंटीमीटर. घुमटाला आतून पाच उभे तडे आहेत, खाली रुंद आणि वर जाता जाता बारीक होत संपणारे. यंदा पावसाळ्यानंतर ते वाढल्यासारखे वाटतायत, पण आधी कोणी मोजलेलेच नाहीत त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

एका कंत्राटदाराने सांगितलं की तड्यात सिमेंट ग्राउट भरा आणि वरून जाळी मारून तीन इंच काँक्रीट ओता. दुसरा म्हणाला पाडा आणि स्लॅब टाका. मी सिव्हिलवाला नाही, सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण घुमटाच्या फाका पाडून दाबाची रेघ काढायची पद्धत वाचली आणि पायथनमध्ये लिहून बघितली. संत्र्याच्या फोडीसारखी एक फाक धरायची, समोरच्या फाकेला टेकवायची, आणि वजन खाली नेणारी रेघ विटेच्या जाडीच्या आतून जाते का ते बघायचं.

```python
import numpy as np
R, t, w = 2.85, 0.30, 5.4      # m, m, kN/m2
f = np.radians(np.linspace(0.5, 90, 180))
g = np.sin(f) - f/2 - np.sin(2*f)/4
x = R*np.sin(f)

def fits(z0, H):               # H: kN per radian
    z = z0 - w*R**3*g/H
    r = np.hypot(x, z)
    return r.min() >= R - t/2 and r.max() <= R + t/2
```

R म्हणजे जाडीच्या मध्यापर्यंतची त्रिज्या, t जाडी, w चौरस मीटरमागचं वजन, z0 म्हणजे माथ्यावर रेघ किती उंचीवर सुरू होते ते, आणि H म्हणजे आडवा रेटा. दोन्ही बदलत गेलो तर खूप जोड्या बसतात. म्हणजे घुमट सेफ आहे असं समजायचं का? घरचे या आठवड्यात निर्णय घेणार आहेत म्हणून जरा घाईत विचारतोय.

रोहित_ऐरोली | रविवार, रात्री ११:३०

तुमची पद्धत फार जुनी आहे. मी तुमची मापं घालून शेल मॉडेल केलं, अर्धा तास लागला. पायथ्याजवळ सगळीकडे आडवा ताण येतोय, ०.०५ मेगापास्कल, आणि चुन्याच्या सांध्याला ताण चालतच नाही. म्हणजे खालचा सगळा पट्टा लाल आहे आणि तडेही बरोबर तिथेच आहेत. मॉडेल आणि प्रत्यक्ष जुळलं की अजून काय पाहिजे. माझ्या मते घुमट फेल झालेला आहे, काँक्रीटचं कवच करून घ्या.

नाना_खारघर | सोमवार, सकाळी ७:१०

आमच्या सोसायटीच्या गणपती मंदिराच्या घुमटालाही अशाच भेगा आहेत, तपकिरी पाणी उतरतं आणि पोपडे पडतात, सळई दिसायला लागलीये. हा कोड आम्हाला चालेल का? जाडी फक्त चार इंच आहे.

अनघा_नेरूळ | सोमवार, सकाळी ९:०५

नाना, तुमचा घुमट आरसीसी आहे, त्याचा आजार वेगळा. सळई गंजून फुगतेय आणि काँक्रीट फोडतेय, तिथे दाबाच्या रेघेचा काही उपयोग नाही. पोपडे डोक्यावर पडायच्या आत खालची जागा बंद करा आणि चांगला इंजिनिअर आणून सळई किती उरलीये ते बघून घ्या. इथला कोड तुमच्यासाठी नाही.

खाडीकाठचा, मी जुन्या दगडी-विटांच्या इमारतींवर बरीच वर्षं काम केलंय म्हणून सविस्तर लिहिते.

आधी रोहितचं. तुझं गणित चुकलेलं नाही, पण ते अख्ख्या, न तडकलेल्या घुमटाचं गणित आहे. अर्धगोल घुमट स्वतःच्या वजनाखाली असला की माथ्यापासून साधारण ५२ अंशांपर्यंत आडव्या कड्यांत दाब असतो आणि त्याच्या खाली ताण. तो ताण विटेला झेपत नाही, मग उभे तडे जातात, आणि तडा गेला की त्या जागचा ताण शून्य होतो. म्हणजे तुझा लाल पट्टा 'तडे कुठे जातील' याचं उत्तर देतो, आणि ते तर डोळ्यांनी दिसतंयच. तडे गेल्यावर घुमट उभा राहील का, या प्रश्नाला तुझं मॉडेल अजून पोचलेलंच नाही. तुझ्याच मॉडेलमध्ये पायथ्याचा उभा दाब बघ, तोही ०.०५ च्या आसपास येईल. साध्यासुध्या चुन्यातल्या विटकामाला त्याच्या कितीतरी पट चालतो. म्हणून अशा घुमटात माल चिरडण्याचा प्रश्न सहसा येत नाही, प्रश्न असतो आकाराचा.

हे भांडण जुनंच आहे. रोमच्या सेंट पीटरच्या घुमटाला असे तडे गेले तेव्हा १७४२ मध्ये तीन गणितज्ञांनी हिशोब करून सांगितलं की लोखंडी कडी कमी पडतायत, घुमट धोक्यात आहे. मग पोलेनी या पादुआच्या प्राध्यापकाला बोलावलं. त्याने घुमटाच्या ५० फाका कल्पिल्या, एका फाकेचे ३२ तुकडे धरून प्रत्येकाच्या वजनाच्या प्रमाणात मणी दोऱ्यात ओवले आणि तो दोरा टांगला. दोरा जसा लोंबतो तो आकार उलटा केला की दाबाची रेघ मिळते, हे इंग्रज शास्त्रज्ञ हूकने १६७५ मध्येच लिहून ठेवलं होतं. ती रेघ घुमटाच्या जाडीत बसली, म्हणजे फाका सुट्या झाल्या तरी उभ्या राहतात. तरीही पोलेनीने जादा लोखंडी कडी बसवायलाच सांगितलं, आणि ती बसवली. माझ्या मते यातला हा शेवटचा भाग जास्त महत्त्वाचा आहे, का ते पुढे येईलच.

खाडीकाठचा, तुमचा कोड म्हणजे पोलेनीचा दोरा. हेमन या इंजिनिअरने १९६६ मध्ये याला नीट पाया दिला: एक जरी रेघ आत बसली तरी घुमट स्वतःसाठी रेघ शोधून घेतो, आपली रेघ खरी असायची गरज नाही. पण त्यामागे तीन गोष्टी धरलेल्या आहेत. वीट ताण घेत नाही, वीट चिरडत नाही, आणि विटा एकमेकींवरून घसरत नाहीत. चौथी गोष्ट कोणी बोलून दाखवत नाही, ती म्हणजे तुम्ही दिलेली मापं खरी आहेत.

३० सेंटीमीटरमध्ये गिलावा किती आहे?

प्राची_कोड | सोमवार, दुपारी १:२०

मला घुमटातलं काही कळत नाही पण कोड चालवून पाहिला. `x` फक्त R पर्यंत जातो, म्हणजे घुमटाच्या मधल्या पृष्ठापर्यंत. पायथ्याला रेघ x = R च्याही बाहेर जाऊन टेकू शकते ना? तो शेवटचा तुकडा तपासलाच जात नाहीये, त्यामुळे मोठ्या H च्या काही जोड्या पास होतात ज्या खरं तर पायथ्याच्या बाहेर पडतात. शेवटी हे घातलं पाहिजे:

```python
    z_end = z[-1]
    x_base = R + z_end*H/(w*R**2)
    ok_base = abs(x_base - R) <= t/2
```

`ok_base` पण return मध्ये `and` ने जोडा.

खाडीकाठचा | सोमवार, रात्री ९:४०

प्राची, बरोबर, हे माझ्याकडून राहिलं होतं, थँक्यू. ऑफिसमधून लवकर निघून देवळात गेलो. झरोक्याच्या कडेला खरवडलं तर आतून ३ सेंटीमीटर चुन्याचा गिलावा, बाहेरून ४ सेंटीमीटरचा सिमेंटचा थर, तो वडिलांच्या वेळी गळती थांबवायला मारलेला. वीट फक्त २३. म्हणून वजन तेवढंच ठेवलं आणि t = 0.23 केलं.

आधीच्या कोडमध्ये, म्हणजे पायथा न तपासता, H ९.३ ते जवळजवळ १३.९ पर्यंत बसत होता. प्राचीची ओळ घातल्यावर ९.३ ते ११.६ एवढाच उरला. खालची बाजू तीच राहिली, वरची बरीच खाली आली.

अनघा_नेरूळ | मंगळवार, सकाळी ८:३०

छान. आता आकडे वाचायला सोपे करू. H ला R ने भागा, म्हणजे घेराच्या एका मीटरमागे रेटा मिळतो: कमीत कमी ३.३ किलोन्यूटन, म्हणजे मीटरमागे ३३० किलोच्या आसपास. घुमटाचं एकूण वजन साधारण २८ टन, ते भिंतीवर मीटरमागे १.६ टन उतरतं. वजनाच्या पाचव्या हिश्शाहून थोडा जास्त रेटा बाहेरच्या बाजूला, असं लक्षात ठेवा.

घुमट अजून किती पातळ चालला असता तेही बघता येतं. फाका सुट्या झालेल्या अर्धगोलाला जाडी त्रिज्येच्या ०.०४२ पट तरी लागते. तुमच्याकडे ते १२ सेंटीमीटर होतात आणि वीट २३ आहे, म्हणजे जवळजवळ दुप्पट. तुम्ही ३० धरलं असतं तर अडीच पट वाटलं असतं. तड्यांमुळे घुमट कोसळतोय असं निदान या गणितात तरी दिसत नाही.

पण अजून 'सेफ' म्हणू नका. ही रेघ पायथ्याला येऊन थांबत नाही, ती भिंतीत उतरते.

चुनाघाणी | मंगळवार, सकाळी ११:१५

आमचे वडील गवंडी होते, वसई-ठाणे पट्ट्यात चुन्याचं काम करायचे. मी कॉम्प्युटर वगैरे चालवत नाही पण दोन गोष्टी सांगतो. पहिली, घुमटावर मारलेला तो सिमेंटचा थर काढायलाच पाहिजे, त्यामुळे चुना श्वास घेत नाही, ओल आत कोंडते आणि विटांची पूड व्हायला लागते. दुसरी, तडा हलतोय का ते बघायला वडील तड्यावर चुन्याची पातळ पट्टी आडवी ओढून त्यावर तारीख कोरायचे. पट्टी फुटली की तडा जिवंत. काचेची पट्टी पण चिकटवतात. बाकी विजापूरचा गोल घुमट बघा, ३८ मीटरचा आहे, सुमारे ३ मीटर जाडीचा, साडेतीनशे वर्षांहून जास्त उभा आहे, तुमचा तर त्यापुढे लहानसा आहे, घाबरू नका.

अनघा_नेरूळ | मंगळवार, दुपारी १२:००

चुनाघाणी, पट्टीची युक्ती आजही सगळ्यात भरवशाची आहे, आणि सिमेंटच्या थराबद्दल पूर्ण सहमत. फक्त तो एका बाजूने सोलत जाऊ नका, वजन एकीकडे राहतं. गोल घुमटाच्या उदाहरणाबाबत मात्र एक सांगते. या गणितात लहान-मोठं याने फरक पडत नाही, जाडी आणि त्रिज्येचं प्रमाण महत्त्वाचं. तिथे ते प्रमाण यांच्या घुमटापेक्षा बरंच मोठं आहे. लहान आहे म्हणून सुरक्षित असं इथे म्हणता येत नाही.

खाडीकाठचा, भिंतीची उंची आणि जाडी सांगा. आणि तडे नक्की कुठल्या दिशेला आहेत, पायथ्यापाशी प्रत्येकाची रुंदी किती?

खाडीकाठचा | मंगळवार, रात्री १०:२०

जोत्यापासून घुमटाच्या पायथ्यापर्यंत ३ मीटर, भिंत ६० सेंटीमीटर. तडे: पश्चिमेकडे तीन, ६, ५ आणि ६ मिलिमीटर. पूर्वेला ३ आणि ईशान्येला २. पश्चिम म्हणजे खाडीची बाजू. एकूण २२ मिलिमीटर. रुंदी फिलर गेजने मोजली, गिलावा खरवडून विटेतली.

अनघा_नेरूळ | बुधवार, सकाळी ९:००

ही मापं फार उपयोगी आहेत. तड्यांची बेरीज म्हणजे घेर किती वाढला ते. २२ ला २π ने भागा, ३.५ मिलिमीटर. पायथा सगळीकडून सारखा पसरला असता तर त्रिज्या तेवढी वाढली असं म्हटलं असतं, आणि २८५० मध्ये साडेतीन म्हणजे काहीच नाही.

पण तुमच्यात २२ पैकी १७ एकाच बाजूला आहेत. तुमचा कोड सगळ्या फाका सारख्या धरतो, एका फाकेचं झालं की बाकीच्याही तशाच. तडे सांगतायत की तसं नाही, पश्चिमेची बाजू एकटी बाहेर गेलीये. मॉडेलच्या मर्यादा म्हणतात त्यातली ही पहिली आणि मोठी. ही मॉडेल चालवून कधीच कळली नसती, शिडीवर चढून तडे मोजले म्हणून कळली.

आता भिंत. रेटा मीटरमागे ३.३ किलोन्यूटन, ३ मीटर उंचीवर. घुमटाचं वजन मीटरमागे १५.४, भिंतीचं स्वतःचं ३६ धरा, दगड-चुना. जोत्यापाशी रेघ मध्यापासून किती सरकते? ३.३ गुणिले ३, भागिले ५१.४, म्हणजे १९ सेंटीमीटर. भिंतीची अर्धी जाडी ३०. म्हणजे रेघ बाहेरच्या तोंडापासून फक्त ११ सेंटीमीटर आत आहे. घुमटाकडे दुप्पट जागा होती, भिंतीकडे दीडपटीच्या आसपास. घाबरवणारी गोष्ट ही आहे, तडे नाहीत.

शिवाय जुन्या भिंती अनेकदा दोन तोंडांच्या असतात, मधे भर. बाहेरचं तोंड १० सेंटीमीटर जरी सुटलं असेल तर रेघ आणि चांगल्या दगडात एकच सेंटीमीटर उरतो. हे कुठल्याही कोडला माहीत नसतं, कारण तुम्ही त्याला ६० सेंटीमीटर सांगता आणि तो ६० धरतो.

रोहित_ऐरोली | बुधवार, दुपारी ३:४५

मान्य, माझं लिनियर होतं, तडे न धरणारं. मग नॉनलिनियर करूया की, तडे जाणारं मटेरियल मॉडेल घालतो, भिंतीसकट, पाया पण स्प्रिंगवर. अख्खं थ्रीडी. मग सगळं एकदाच कळेल, पश्चिमेची बाजू पण.

अनघा_नेरूळ | बुधवार, संध्याकाळी ६:१०

कर, मी नाही म्हणत नाही, एका बाजूचं सरकणं बघायला तसं मॉडेल उपयोगी पडतं. फक्त त्यात काय घालशील ते आधी इथे लिही. चुन्याचा कडकपणा किती, सांध्याची पकड किती, खालची माती किती दबते? यातलं एकही तुझ्याकडे मोजलेलं नाही, आणि मातीची स्प्रिंग निम्मी केलीस की भिंतीतला ताण कुठल्या कुठे जाईल. त्याहून अवघड म्हणजे इतिहास. घुमट बांधताना सेंटरिंग काढल्यावर किती बसला, कुठल्या पावसात भिंत किती हलली, सिमेंट कधी मारलं, या क्रमावर आजचे ताण ठरतात आणि तो क्रम कोणालाच माहीत नाही. फाकेच्या गणिताचा फायदा हा की त्याला यातलं काहीच विचारावं लागत नाही. त्याला मापं आणि वजन पुरतं. म्हणून ते कमी सांगतं, पण जे सांगतं त्यावर विश्वास ठेवता येतो.

तुझं मॉडेल करशील तेव्हा प्रत्येक अंदाजाचा आकडा दुप्पट आणि निम्मा करून बघ. जे निष्कर्ष तिन्ही वेळा टिकतील तेवढेच इथे टाक.

रोहित_ऐरोली | बुधवार, रात्री ८:००

ठीक आहे. पण भूकंपाचं काय? तुमची रेघ फक्त उभ्या वजनाची आहे. आपल्याकडे धक्के बसतात, आणि जोत्यापाशी ११ सेंटीमीटरच उरलेत तर आडव्या जोरात भिंत लगेच जाईल. काँक्रीटचं कवच निदान सगळं बांधून तरी ठेवेल.

अनघा_नेरूळ | बुधवार, रात्री ९:३०

प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे याचं पूर्ण उत्तर नाही. ढोबळ तपासणी म्हणून मॉडेल थोडं तिरकं करून रेघ कधी बाहेर पडते ते बघतात, इथे ती भिंतीतून आधी पडेल यात शंका नाही. पण कवचाबद्दल माझं मत ठाम आहे. तीन इंच काँक्रीट म्हणजे जवळजवळ १० टन, तेही त्याच भिंतींवर. आणि ते विटेशी एकजीव होत नाही, खाली विटांची पूड होत राहते आणि वरून कळत नाही. बांधून ठेवायचं असेल तर पायथ्याशी पट्टा. पट्ट्यात येणारा ताण म्हणजे रेटा गुणिले त्रिज्या, ३.३ गुणिले २.८५, साडेनऊ किलोन्यूटन, एक टनापेक्षाही कमी. ५० बाय ६ ची पट्टी त्याच्या चौपट सहज घेते. खाडीच्या हवेत साधं लोखंड टिकणार नाही, स्टेनलेस लागेल, आणि चौकोनी खोलीवर पट्टा कुठून फिरवायचा हे जागेवर बघूनच ठरेल.

म्हणून पोलेनीची गोष्ट सांगितली होती. रेघ आत बसते हे स्वतः दाखवून देऊनही त्याने कडी बसवायला लावली, कारण खाली पाया हलत राहिला तर रेघेला पुन्हा पुन्हा जागा शोधावी लागते आणि प्रत्येक वेळी जागा थोडी कमी होते.

प्राची_कोड | गुरुवार, सकाळी १०:३०

एक प्रश्न. मी माथ्यावर एक जड वस्तू घालून बघितली, ३०० किलो, कळस असेल असं समजून. एकूण वजनाच्या एक टक्का पण H चा किमान आकडा चार टक्क्यांनी वाढला. बरोबर आहे का कोड चुकतोय?

अनघा_नेरूळ | गुरुवार, सकाळी ११:००

बरोबर आहे. माथ्यावरचं वजन पायथ्यापासून सगळ्यात लांब असतं, तेवढं अंतर ते रेट्याच्या जोरावरच पार करतं. म्हणून घुमटावर काही नवं ठेवायचं झालं तर आधी हे करून बघावं.

खाडीकाठचा | गुरुवार, दुपारी १:१५

हे वाचून धस्स झालं. भाऊबंदांच्या मीटिंगमध्ये नवा पितळी कळस दगडी बैठकीसकट बसवायचं ठरत होतं, तड्यांची दुरुस्ती झाली की लगेच. आता मी थांबवतो. काका चिडतील पण चिडू देत.

अजून एक. मॉडेल जर सांगतंय की रेघ कुठे कडेला जाते, तर तिथे काही दिसायला हवं ना?

अनघा_नेरूळ | गुरुवार, रात्री ८:४५

हा नेमका प्रश्न विचारलात. रेटा कमीत कमी असतो तेव्हा रेघ दोन ठिकाणी कडेला टेकते. माथ्यापासून २५ अंशांच्या आसपास बाहेरच्या कडेला, आणि ६४-६५ अंशांपाशी आतल्या कडेला. रेघ जिथे आतल्या कडेला टेकते तिथे सांधा बाहेरून उघडतो. म्हणजे पायथ्यापासून घुमटाच्या अंगावरून साधारण सव्वा मीटर वर, बाहेरच्या बाजूला, आडवी वर्तुळाकार भेग दिसली तर तो सांधा बिजागरीसारखा वळायला लागलाय. आणि माथ्याजवळ तशीच आडवी भेग आतून. उभ्या तड्यांना मी फार घाबरत नाही, या आडव्या भेगांना घाबरते. तिसरी वाईट खूण म्हणजे तड्याच्या दोन कडा एका पातळीत नसणं, एक पुढे एक मागे. ते घसरणं झालं, आणि घसरणं या मॉडेलने सुरुवातीलाच नाही म्हणून ठेवलंय.

तुमच्याकडे अडचण ही की बाहेरून चार सेंटीमीटर सिमेंट आहे, खालची भेग झाकलेली असू शकते. पश्चिमेला त्या उंचीवर वीतभर रुंदीची एक उभी पट्टी खरवडून बघा.

माळीणकाकू | शुक्रवार, सकाळी ८:००

आमच्या माहेरी घाटावर देवळाचा दगडी घुमट आहे, आतून एकावर एक पुढे सरकवलेले दगडांचे थर, चुना नाहीच. त्याच्या मधला एक दगड खाली आलाय. त्यालाही ही रेघ काढता येईल का? मुलगा करून देईल म्हणतो.

अनघा_नेरूळ | शुक्रवार, सकाळी ९:१५

काकू, त्याचे थर सपाट बसवलेले असतील, गोलाच्या मध्याकडे वळलेले नसतील. तो घुमट कमानीसारखा रेटत नाही, प्रत्येक थर मागच्या वजनाने दाबून धरलेला असतो आणि मागची भर निघाली की दगड पुढे कलंडतो. हा कोड त्याला लावला तर उत्तर येईल, पण ते दुसऱ्याच घुमटाचं असेल. मुलाला सांगा, आधी वर जाऊन मागची भर वाहून गेलीये का ते बघ, आणि तोवर त्याखाली कोणी उभं राहू नका.

खाडीकाठचा | रविवार, संध्याकाळी ७:३०

आज सकाळी चुलतभावाला घेऊन सगळं केलं. रिपोर्ट देतो.

पश्चिमेला वीतभर पट्टी खरवडली. पायथ्यापासून १.२ ते १.३ मीटरवर सांध्यात केसासारखी आडवी रेघ आहे, नख जात नाही. पण सिमेंट काढताना ठोकल्यामुळे झालीये की आधीची, ते मला सांगता येत नाही. माथ्याजवळ आतून काही नाही. तड्यांच्या कडा चारही ठिकाणी एका पातळीत आहेत, पश्चिमेच्या मधल्या तड्यात मात्र एक कड दोन मिलिमीटर पुढे वाटते.

ओळंबा सोडला. पश्चिमेची भिंत ३ मीटरमध्ये १८ मिलिमीटर बाहेर आहे. बाकी तिन्ही ४-५ च्या आत. भिंत हातोडीने ठोकत गेलो, दक्षिणेकडच्या टोकाला अंदाजे मीटरभर रुंदीत आवाज पोकळ येतो.

पाचही तड्यांवर चुन्याच्या पट्ट्या मारल्यात, तारखेसकट.

चुनाघाणी | रविवार, रात्री ८:१०

पोकळ आवाज म्हणजे तोंड सुटलंय. तिथे घाणीचा चुना पातळ करून खालून वर हळूहळू भरावा लागेल, सिमेंट नको, आणि एकदम नाही, दिवसाला हातभरच. घाई केली तर चुन्याच्याच दाबाने तोंड फुगतं.

अनघा_नेरूळ | रविवार, रात्री ९:२०

पश्चिमेचे तडे १७ मिलिमीटर आहेत. ती बाजू एकसंध बाहेर गेली असं ढोबळ धरलं तर दोन्ही कडांना मिळून तेवढं उघडायला भिंत ८-९ मिलिमीटर सरकायला हवी. ओळंबा १८ सांगतोय. म्हणजे बहुधा निम्मा बाक बांधतानाचाच आहे किंवा घुमट चढायच्या आधीचा. हा अंदाज आहे, पुरावा नाही. पण तेवढ्या कलाने जोत्यापाशी रेघ अजून एखादा सेंटीमीटर बाहेर गेली, ते धरा.

माझं म्हणणं: पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून तिरके टेकू आत्ताच लावा, त्याला फार खर्च नाही. त्या बाजूला भिंतीजवळ पाणी कुठून येतं ते शोधा, खाडीकडची चिकणमाती आहे, तिथे पाया भिजत राहिला तर बाकी सगळं व्यर्थ. पोकळ जागा चुनाघाणी म्हणतात तशी भरून घ्या. तडे आत्ता भरू नका, भरले तर ते हलतायत का हे कळायचं साधन जाईल. आणि पट्ट्याचं डिझाइन करायला जुन्या बांधकामाची सवय असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर प्रत्यक्ष आणा, या धाग्यावरचे आकडे त्याला दाखवा पण त्यावर काम करू नका.

त्या केसासारख्या आडव्या रेघेवरही एक पट्टी मारा.

रोहित_ऐरोली | रविवार, रात्री १०:४५

थ्रीडी केलं. माती निम्मी-दुप्पट करून पश्चिमेच्या भिंतीचं सरकणं तिपटीने बदलतंय, त्यामुळे तो आकडा टाकत नाही. तिन्ही वेळा टिकलेलं एवढंच: मोठ्यात मोठा दाब प्रत्येक वेळी पश्चिमेच्या भिंतीच्या जोत्यापाशी, बाहेरच्या कडेला. भूकंपाबद्दल माझं मत अजून तेच आहे, फक्त कवचाऐवजी पट्टा आणि भिंतींना आडव्या सळया असं म्हणेन.

खाडीकाठचा | पुढच्या महिन्यात, शनिवार, सकाळी ९:००

टेकू लागलेत. पश्चिमेच्या कोपऱ्याशी शेजारच्या नव्या बिल्डिंगचं पावसाचं पाणी पाइपातून थेट जोत्यावर पडत होतं, ते बोलून वळवलं. पाचपैकी चार पट्ट्या शाबूत. पश्चिमेच्या मधल्या तड्याची फुटलीये, फट ०.२ ते ०.३ मिलिमीटर. आडव्या रेघेवरची शाबूत आहे.

टेकू लावताना ठोकाठोकीत फुटली असेल का, की तडा खरंच हललाय? आज तिच्या शेजारी दुसरी मारतोय. कळसाचा विषय दिवाळीपर्यंत बंद केलाय.

अनघा_नेरूळ | शनिवार, सकाळी ११:४०

दुसरी मारलीत ते बरं केलंत. तारीख आणि त्या वेळचं तापमान दोन्ही लिहा, उन्हाने एवढं मिटतं-उघडतं. मोजायचं सकाळी एकाच वेळी. पुढच्या पावसाळ्याच्या शेवटापर्यंतचे आकडे इथेच टाकत राहा.